सहा अक्षरं आणि तेरा आकडे: विमानाचं बुकिंग नेमकं कशात असतं

एजंटाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली विमान प्रवासाची पीडीएफ उघडली की पहिल्याच पानावर तीन-चार वेगवेगळे कोड दिसतात. एकाला पीएनआर म्हटलेलं असतं, दुसऱ्याला एअरलाइन पीएनआर, तिसऱ्याला बुकिंग आयडी, आणि खाली प्रवाशाच्या नावासमोर एक लांबलचक आकडा. एअरलाइनच्या साइटवर यातला कुठला टाकायचा हे न कळल्याने माणूस एकेक करून सगळे टाकून बघतो आणि "बुकिंग सापडलं नाही" हा संदेश वाचून घाबरतो. बहुतेक वेळा बुकिंग जागेवर असतं. कोड चुकीच्या दारावर वापरलेला असतो, एवढंच.

गोंधळाचं मूळ आपल्या रेल्वेच्या सवयीत आहे. रेल्वेत दहा आकडी पीएनआर आणि तिकीट एकाच क्षणी जन्माला येतात. पैसे भरले की पीएनआर मिळतो, तो आयुष्यभर तोच राहतो, आणि वेटिंग असो की कन्फर्म, सगळं त्याच्यावरच कळतं. विमानात या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेल्या असतात, वेगवेगळ्या वेळी तयार होतात आणि एक बदलली तरी दुसरी बदलेलच असं नाही. हे एकदा लक्षात आलं की साइटवरचे निम्मे संदेश आपोआप कळायला लागतात.

बुकिंग रेफरन्स, म्हणजे आपण ज्याला पीएनआर म्हणतो तो, सहा अक्षर-आकड्यांचा कोड असतो. त्याच्यामागे एक फाइल असते. तिच्यात प्रवाशांची नावं, कोणत्या तारखेचं कोणतं विमान, फोन नंबर, ईमेल, जेवणाची आणि व्हीलचेअरची मागणी हे सगळं लिहिलेलं असतं. एका फाइलमध्ये साधारणपणे नऊपर्यंत प्रवासी असू शकतात, त्यामुळे घरातल्या चौघांचा पीएनआर एकच असतो. ही फाइल सांगते की या विमानात या लोकांसाठी जागा धरून ठेवली आहे. पैसे भरले की नाही हे सांगणं तिचं मुख्य काम नाही.

ते काम तिकीट नंबरचं. तो १३ आकडी असतो आणि प्रत्येक प्रवाशाचा वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाचाही. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: 098 म्हणजे एअर इंडिया, 220 म्हणजे लुफ्तान्सा, 176 म्हणजे एमिरेट्स, 157 म्हणजे कतार एअरवेज, 125 म्हणजे ब्रिटिश एअरवेज, 016 म्हणजे युनायटेड. पुढचे दहा आकडे त्या तिकिटाचा क्रमांक. १ जून २००८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने कागदी तिकिटं बंद केली. तेव्हापासून तिकीट म्हणजे कंपनीच्या तिकीट-नोंदवहीतली एक नोंद आहे. पण जुन्या कागदी पुस्तिकेतली कूपनं त्या नोंदीत अजून शाबूत आहेत. प्रत्येक विमानासाठी एक कूपन आणि एका तिकिटात जास्तीत जास्त चार. पाचवं विमान आलं की लगतच्या पुढच्या नंबरचं दुसरं तिकीट जोडावं लागतं. म्हणून कधीकधी एकाच माणसाच्या नावासमोर 220…61-62 असं काहीतरी दिसतं. ते दोन वेळा पैसे घेतल्याचं लक्षण नव्हे.

प्रत्येक कूपनाला स्वतःची अवस्था असते. वापरायचं बाकी असेल तर ओपन, चेक-इन झालं की चेक्ड-इन, प्रवास झाला की फ्लोन किंवा यूज्ड, बदलून नवं तिकीट घेतलं की एक्स्चेंज्ड, पैसे परत झाले की रिफंडेड. काउंटरवरचा कर्मचारी तुमचा पासपोर्ट घेऊन पडद्याकडे बघतो तेव्हा तो या दोन गोष्टी जुळवत असतो: फाइलमध्ये आजच्या विमानाची जागा कन्फर्म आहे का, आणि त्याच विमानाचं कूपन ओपन आहे का. दोन्ही असतील तर बोर्डिंग पास निघतो. एकच असेल तर तुम्हाला बाजूला उभं राहायला सांगतात.

इंडिगोसारख्या कंपनीच्या साइटवरून पुणे–दिल्ली काढलंत तर १३ आकडी नंबर बहुधा दिसणारच नाही. या कंपन्या वेगळ्या धाटणीच्या प्रणालीवर वाढल्या. तिथे पैसे भरलेली फाइल हेच तिकीट, अगदी रेल्वेसारखं. म्हणून जो फक्त देशांतर्गत स्वस्त विमानांनी फिरला आहे त्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, आणि आई-बाबांना परदेशी पाठवायची वेळ आली की पहिल्यांदा पडतो.

तर तेच उदाहरण घेऊ. समजा, आई-बाबा शिकागोला मुलीकडे निघाले आहेत. पुण्यातल्या एजंटाने मुंबई–फ्रँकफुर्ट–शिकागो आणि त्याच वाटेने परत असं लुफ्तान्साचं तिकीट काढलं. फ्रँकफुर्ट–शिकागो हा टप्पा लुफ्तान्साच्याच नंबराने विकलेला आहे, पण प्रत्यक्षात विमान युनायटेडचं आहे. चार विमानं, चार कूपनं, म्हणजे प्रत्येकाचं एकच तिकीट. सगळे कोड अर्थातच नमुन्याचे:

```
एजंटाचा पीएनआर       5KT2WM
लुफ्तान्साचा पीएनआर   Y7QX4Z
युनायटेडचा पीएनआर     NHBLKR
आईचं तिकीट            220 2400001231
बाबांचं तिकीट          220 2400001232
```

एका प्रवासाचे तीन पीएनआर कसे? एजंट थेट लुफ्तान्साच्या संगणकात काम करत नाही. तो गॅलिलिओ, अमेडियस किंवा सेबर यांपैकी एका आरक्षण-जाळ्यातून बुकिंग करतो. समजा इथे गॅलिलिओ वापरलं. बुकिंग झालं की गॅलिलिओत एक फाइल तयार होते आणि तिला 5KT2WM हा कोड मिळतो. गॅलिलिओ लुफ्तान्साला निरोप पाठवतं, लुफ्तान्सा स्वतःकडे तीच माहिती घेऊन दुसरी फाइल उघडते आणि तिला Y7QX4Z नाव देते. लुफ्तान्सा पुढे युनायटेडला कळवते आणि तिथे तिसरी फाइल. तिन्ही फाइली निरोपांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात, पण प्रत्येकीची किल्ली आपापल्या घरात चालते. गॅलिलिओचा कोड लुफ्तान्साच्या साइटवर टाकलात तर "सापडलं नाही" असं येणं अगदी बरोबर आहे.

मग कधीकधी एकच कोड सगळीकडे कसा चालतो? कारण लुफ्तान्सासह बऱ्याच कंपन्यांची स्वतःची आरक्षण व्यवस्थाही अमेडियसचीच आहे. एजंटही अमेडियसवर असेल तर दोघं एकाच फाइलकडे बघतात आणि कोड एकच राहतो. त्यामुळे "मागच्या वेळी एजंटाचाच नंबर चालला होता" हा अनुभव खरा असतो, पण तो या वेळच्या प्रवासाला लागू पडेलच असं नाही. मेकमायट्रिपसारख्या साइटच्या बुकिंग आयडीचं आणखी वेगळं. तो त्यांच्या दुकानाचा बिल नंबर आहे. तो सहापेक्षा लांब असतो, त्यावरून लगेच ओळखू येतो, आणि एअरलाइनच्या साइटवर त्याचा काहीही उपयोग नाही.

एजंटाला विचारायचा प्रश्न म्हणून एकच: "एअरलाइन पीएनआर काय आहे?" त्याच्या पडद्यावर तो असतोच. तोही हाताशी नसेल तर तिकीट नंबर कामी येतो, कारण तो सगळीकडे एकच असतो. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर त्याच खणात पीएनआरऐवजी १३ आकडे चालतात. मधली रेघ आणि मोकळी जागा न देता सलग टाकायचे. आणि साइट कुणाची उघडायची? पहिले तीन आकडे ज्या कंपनीचे, तिची. आपल्या उदाहरणात 220, म्हणजे लुफ्तान्सा.

दुसरा खण आडनावाचा. आपल्याकडच्या नावांमुळे इथे फार लोक अडतात. विमानाच्या नोंदीत नाव आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग बाकी सगळं एकत्र असं राहतं:

```
JOSHI/MEENA SURESH MRS
```

पासपोर्टवर आडनाव JOSHI आणि गिव्हन नेममध्ये MEENA SURESH, म्हणजे स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव. साइटने पहिलं नाव विचारलं तर काही ठिकाणी MEENA पुरतं, काही ठिकाणी MEENA SURESH लागतं, आणि जुनाट साइटवर चक्क MEENASURESHMRS असं उपाधीसकट सलग टाकलं की दार उघडतं. हास्यास्पद आहे, पण प्रणालीत ते तसंच चिकटून साठवलेलं असेल तर साइट तेवढंच ओळखते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांच्या बाबतीत एजंटाने काय भरलं हे विचारूनच घ्यावं. कुणी तेच नाव दोनदा लिहितो, कुणी FNU किंवा LNU, म्हणजे नाव किंवा आडनाव माहीत नाही, अशी अक्षरं टाकतो. अंदाज बांधण्यापेक्षा ई-तिकिटाच्या पावतीवर जसं छापलंय तसंच टाकावं. पीएनआरमध्ये ओ आणि शून्य, आय आणि एक यांचीही गल्लत होते. सेबरसारख्या प्रणालीचे कोड फक्त अक्षरांचे असतात, तिथे शून्य टाकून बघण्यात अर्थच नसतो.

दार उघडलं. आता पानावर विमानांची यादी दिसते, बहुधा "कन्फर्म्ड" अशा हिरव्या शब्दासह, आणि लोक निश्चिंत होऊन पान बंद करतात. हा हिरवा शब्द फाइलमधल्या जागेबद्दल आहे, हे विसरायचं नाही. तिकीट आहे का, हे वेगळं तपासायचं. प्रवाशाच्या नावाखाली किंवा ई-तिकिटाची पावती मागवण्याच्या बटणामागे १३ आकडे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील, आणि पानावर "पैसे भरा" असं बटण असेल, तर तुमच्याकडे फक्त धरून ठेवलेली जागा आहे.

जागा धरून ठेवण्यात काही गैर नाही. एजंट रोज ते करतात. भाडं बघायला, कुटुंबाचं ठरेपर्यंत थांबायला, आणि व्हिसाच्या अर्जाला जोडायला. व्हिसासाठी जे "डमी तिकीट" मिळतं ते बहुतेकदा हेच असतं: खरा पीएनआर, खरी विमानं, साइटवर दिसणारं नाव, आणि तिकीट नंबर मात्र नाही. अशा प्रत्येक फाइलला तिकीट काढण्याची मुदत असते. कधी काही तास, कधी काही दिवस. ती उलटली की विमान कंपनीचा संगणक कुणालाही न विचारता जागा सोडून देतो. पैसे एजंटाला दिले, पण त्याने तिकीट काढायला उशीर केला, असंही होतं. त्या दरम्यान साइटवर सगळं हिरवंच दिसत असतं. म्हणून पैसे दिल्यावर दुसऱ्या दिवशी साइटवर जाऊन तेरा आकडे डोळ्यांनी बघावेत, एजंट कितीही जुना आणि घरोब्याचा असला तरी.

तिकीट आहे हे कळल्यावर साइटच्या याच पानावर, म्हणजे मॅनेज बुकिंगमध्ये, सगळ्यात आधी काय करावं, तर संपर्काचा रकाना बघावा. तिथे बऱ्याचदा एजंटाचा फोन आणि एजंटाचा ईमेल असतो. विमानाची वेळ बदलली की निरोप तिकडे जातो, आणि एजंटाच्या ऑफिसला दिवाळीची सुट्टी असते. स्वतःचा नंबर आणि मुलीचा ईमेल तिथे घातला की अर्धी चिंता मिटली.

मग जेवण. हे तिकिटाला हात न लावता फाइलमध्ये नोंदवलं जातं, त्यामुळे एजंटाचं तिकीट असलं तरी तुम्हाला स्वतः करता येतं. एक सापळा मात्र आहे. यादीत "हिंदू मील" दिसलं की आपल्याकडचे शाकाहारी लोक हौसेने तेच निवडतात. त्याचा कोड HNML, आणि ते जेवण सामान्यतः मांसाहारी असतं. त्यात गोमांस नसतं इतकंच. आपल्याला हवं असतं ते AVML, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, किंवा कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर VJML, म्हणजे जैन.

व्हीलचेअरही इथेच मागता येते. आईला लांब चालवत नाही पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात, तर WCHR. पायऱ्याही जमत नसतील तर WCHS. सीटपर्यंत पोहोचवायला लागत असेल तर WCHC. इथे तीन फाइलींची गोष्ट परत आठवायची. लुफ्तान्साच्या फाइलमधली मागणी युनायटेडला निरोपाने जाते आणि त्यांनी होकार द्यायचा असतो. बहुतेक वेळा तो येतो. कधी अडकून राहतो. म्हणून युनायटेडचा NHBLKR मिळवून त्यांच्या साइटवर किंवा ॲपमध्ये ते बुकिंग उघडून बघावं: शिकागोच्या टप्प्यावर व्हीलचेअर आणि जेवण दिसतंय का? सीट निवडण्याचंही तेच. लुफ्तान्साच्या साइटवर त्या टप्प्याचा नकाशा उघडत नसेल, तर विमान ज्याचं त्याच्या साइटवर जाऊन सीट घ्यायची. हा दुसऱ्या कंपनीचा कोड कधी लुफ्तान्साच्या पानावरच बारीक अक्षरांत दिसतो. नसेल तर एजंट किंवा कॉल सेंटर देतं.

सीटचे पैसे भरलेत तर आणखी एक तेरा आकडी नंबर येईल, त्याचीही सुरुवात त्याच कंपनीच्या तीन आकड्यांनी. ती ईएमडी, म्हणजे तिकिटाव्यतिरिक्तच्या सेवेची पावती. तिला तिकीट समजू नये, पण जपून ठेवावी. पुढे विमान बदललं आणि निवडलेली सीट गेली, तर तेवढे पैसे परत मागताना तोच नंबर विचारतात.

आता अवघड भाग. निघायच्या महिनाभर आधी लुफ्तान्सा वेळापत्रक बदलते आणि फ्रँकफुर्टला उतरून पुढचं विमान गाठता येणार नाही अशी स्थिती होते. कंपनी स्वतःच आई-बाबांना शिकागोच्या नंतरच्या विमानात टाकते. साइटवर जुनं विमान खोडलेलं, नवं विमान दाखवलेलं आणि "स्वीकारा" असं बटण. बाबा बटण दाबतात. फाइलमध्ये नवं विमान कन्फर्म होतं. प्रवासी खूश.

पण कूपन नंबर दोनवर अजून जुन्या विमानाचा नंबर आहे. विमान तेच राहून वेळ दहा-वीस मिनिटांनी सरकली तर सहसा काही बिघडत नाही. विमानाचा नंबर किंवा तारीख बदलली की मात्र कुणीतरी तिकीटही जुळवून घ्यावं लागतं. एकतर त्याच तिकिटावर नवं विमान चढवायचं, किंवा जुनं तिकीट मोडून नवं काढायचं. बदल कंपनीने केलेला असल्याने याचे पैसे लागू नयेत. कंपनीची यंत्रणा हे पुष्कळदा आपोआप करते. पण तिकीट एजंटाचं असेल तर कधीकधी ते काम एजंटाच्या टेबलावर पडतं, आणि त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. मग दोन नोंदी दोन वेगळी विमानं दाखवत राहतात, आणि ते कळतं थेट वेब चेक-इनच्या वेळी. साइट म्हणते, "तुमचं चेक-इन ऑनलाइन करता येत नाही, विमानतळावर संपर्क साधा." या वाक्याची दुसरीही कारणं असतात, जसं व्हिसाची कागदपत्रं तपासणं. पण वेळापत्रक बदललेल्या बुकिंगवर ते दिसलं तर आधी संशय तिकिटावर घ्यावा.

हे आधीच ओळखायची साधी युक्ती आहे. साइटच्या पानावरची विमानांची यादी एका बाजूला ठेवा आणि ई-तिकिटाची पावती नव्याने मागवून दुसऱ्या बाजूला ठेवा. जुनी पीडीएफ चालणार नाही, ती कायम जुनंच सांगणार. विमानाचा नंबर आणि तारीख दोन्हीकडे ओळीनं जुळली पाहिजे. तिकीट नंबर बदललेला असेल तर उत्तम, नवं तिकीट निघालं. नंबर तोच असून पावतीवर नवी विमानं आली असतील तरी ठीक. पावतीवर जुनंच विमान असेल तर एजंटाला किंवा कंपनीला फोन करून एवढंच सांगायचं: "शेड्यूल चेंज स्वीकारला आहे, तिकीट रीइश्यू व्हायचं राहिलंय." हे वाक्य ऐकल्यावर पलीकडचा माणूस तुम्हाला पीएनआर कन्फर्म असल्याचं पुन्हा सांगत बसत नाही.

कधी तुम्हाला स्वतःलाच बदल करायचा असतो. शिकागोला पोहोचल्यावर ठरतं की बाळंतपणासाठी आईने आणखी दोन महिने थांबावं आणि बाबांनी ठरल्या तारखेला परतावं. फाइल दोघांची एकच आहे आणि तिच्यातलं परतीचं विमानही एकच. म्हणून आधी फाइल फोडावी लागते. बाबा Y7QX4Z मध्येच राहतात, आईसाठी नवी फाइल होते आणि तिला नवा पीएनआर मिळतो. या क्षणी आईचा पीएनआर बदलला आहे आणि तिकीट नंबर जुनाच आहे. मग नवी तारीख घेतली जाते, भाड्यातला फरक आणि बदलाचं शुल्क भरलं जातं, आणि जुनं तिकीट बदलून नवं निघतं. आता 220 2400001231 या तिकिटाची पहिली दोन कूपनं वापरलेली, तिसरं-चौथं एक्स्चेंज्ड. नव्या नंबराच्या तिकिटात फक्त दोन कूपनं, परतीची. आईने पर्समधला जुना कागद दाखवला तर त्यावरचा पीएनआरही चुकीचा आणि नंबरही.

शिवाय जेवण, सीट आणि व्हीलचेअर या मागण्या विमानाला बांधलेल्या असतात, माणसाला नव्हे. परतीचं विमान बदललं की त्या नव्या विमानावर पुन्हा मागाव्या लागतात. बदल केल्यावर लगेच साइटवर जाऊन WCHR दिसतंय का बघणं हे आईच्या वयाच्या प्रवाशासाठी तारखेइतकंच महत्त्वाचं आहे.

फाइल फोडायचं काम काही साइटवर प्रवासी निवडून करता येतं. पण तिकीट एजंटाने काढलेलं असेल तर तारीख बदलण्याच्या बटणावर "तुमच्या ट्रॅव्हल एजंटशी संपर्क साधा" असं येण्याची शक्यता मोठी. अनेकांना ही अडवणूक वाटते. कारण हिशेबाचं आहे. ते तिकीट एजंटाच्या खात्यावर निघालं, तुमचे पैसे एजंटामार्फत कंपनीकडे गेले, त्यामुळे परतावा किंवा फरक त्याच वाटेने जायचा असतो. फाइलमधल्या गोष्टी, म्हणजे फोन, जेवण, सीट, पासपोर्टचा तपशील, तुम्ही बदलू शकता. तिकिटातल्या गोष्टी, म्हणजे तारीख, मार्ग, रद्द करणं, ज्याने तिकीट काढलं त्याच्याकडून. प्रवास सुरू झाल्यावर काही कंपन्या तिकीट स्वतःकडे घेऊन बदल करून देतात, काही तेव्हाही एजंटाकडेच पाठवतात. माझं मत विचाराल तर परतीची तारीख हलण्याची शक्यता असेल तेव्हा तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढलेलं बरं. एजंट हजार-दोन हजार स्वस्त देत असला तरी शिकागोत मध्यरात्री त्याचा फोन लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली असेल. पीएनआर आणि आडनाव, एवढ्यावर दार उघडतं. पासवर्ड नाही, ओटीपी बहुतेक ठिकाणी नाही. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी मार्च २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. ॲलेक्स होप नावाच्या तरुणाने त्यावरच्या पीएनआरने क्वांटसच्या साइटवर ते बुकिंग उघडलं, आणि पानाच्या मागच्या कोडमध्ये त्याला ॲबट यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर सापडला. त्याने ते संबंधितांना कळवलं आणि क्वांटसने दुरुस्ती केली. पण दार अजून त्याच दोन किल्ल्यांचं आहे. बोर्डिंग पासवरचा पीएनआर बोटाने झाकून फोटो काढला तरी शेजारच्या बारकोडमध्ये तो लिहिलेला असतोच, आणि बारकोड कुठल्याही साध्या ॲपने वाचता येतो. एअरपोर्टवरून फॅमिली ग्रुपवर टाकायच्या फोटोत आई-बाबा असू देत, कागद नको.

प्रवास संपल्यावर पीएनआर आणि तिकीट या दोन नोंदींच्या वाटा वेगळ्या होतात. शेवटचं विमान उडाल्यावर काही दिवसांत फाइल साइटवरून नाहीशी होते, आणि तो सहा अक्षरी कोड कालांतराने दुसऱ्याच कुणाला दिला जाऊ शकतो. तिकिटाची नोंद त्यापेक्षा बराच काळ टिकते. माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल कंपनी खात्यात देते ते गुण, जमा झाले नाहीत, न वापरलेल्या कूपनचे पैसे मागायचे आहेत, सीटच्या पैशांचा वाद आहे, असं काहीही दोन महिन्यांनी निघालं की फॉर्ममध्ये १३ आकडेच विचारतात. ते बोर्डिंग पासवर सहसा बारीक अक्षरांत ईटीकेटी या इंग्रजी अक्षरांपुढे छापलेले असतात, म्हणून माइल्स खात्यात दिसेपर्यंत ती चिठ्ठी फाडायची नाही.